मास्तरांचे दोन हजार

आमच्या पिरनवाडीत ऑनलाइन टीव्ही मागवला की खोका उघडण्याआधी एक प्रश्न येतो, "वॉरंटी वाढवून घेतलीस काय?" नाही म्हटलं तर समोरचा माणूस कीव केल्यासारखं बघतो. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर या बाबतीत सगळ्यांचे सल्लागार आहेत. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की सोपं करून खोडलं. "दुकानातून घेतलं असतं तर दुकानदाराच्या छातीवर बसलो असतो. ऑनलाइनवाल्याला कुठं शोधणार? आपण पडलो सीमाभागात, इथं येतोय कोण! सव्वीस हजारांच्या टीव्हीला दोन हजार म्हणजे जातंय काय? आणि बिघडला तर पॅनेललाच पंधरा-सोळा हजार सांगतात."

या बोलण्यात चार मुद्दे आहेत आणि चारही ऐकायला बरोबर वाटतात. शेवटचा तर खराच आहे. तरीही टीव्हीच्या बाबतीत मास्तरांचा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि चुकतो तो हिशेबातच.

आधी हा कागद नेमका काय देतो ते बघू. ऑनलाइन खरेदीत दोन वेगळ्या वस्तू एकाच रांगेत मांडलेल्या असतात. एक म्हणजे वाढीव वॉरंटी. कंपनीची पहिल्या वर्षाची वॉरंटी संपते त्या दिवशी ती सुरू होते आणि साधारणपणे तेवढंच देते, म्हणजे वस्तू आपोआप बिघडली तर दुरुस्ती. दुसरा असतो प्रोटेक्शन प्लॅन. पडणं, फुटणं, पाणी जाणं यासाठीचा प्लॅन बहुधा पहिल्या दिवसापासून किंवा थोड्याच दिवसांत लागू होतो. टीव्हीला बहुतेक वेळा पहिली वस्तू विकली जाते आणि लोक ती दुसरी समजून घेतात. पोराचा चेंडू लागून पडदा तडकला की कळतं, वाढीव वॉरंटीत फुटणं बसत नाही. पडदा प्रवासातच तडकून आला असेल तर तो प्रश्न वॉरंटीचा नाहीच, परत करण्याच्या मुदतीचा आहे. खोका फोडताना सलग व्हिडिओ काढणं आणि त्याच दिवशी तक्रार टाकणं याला एक पैसाही लागत नाही.

आता दोन हजारांकडे येऊ. आकडे उदाहरणासाठी धरतो, तुमच्या खरेदीचे तुम्ही घाला. ४३ इंची टीव्ही, किंमत २६,००० रुपये, कंपनीची वॉरंटी एक वर्ष. पुढच्या दोन वर्षांसाठी प्लॅन २,२०० रुपयांचा. मास्तर या २,२०० ची तुलना २६,००० शी करतात आणि म्हणतात, आठ-नऊ टक्केच तर आहेत. पण प्लॅन टीव्हीची किंमत भरून देत नाही, तो दुरुस्तीचं बिल भरतो. म्हणून तुलना त्या बिलाशी करायची, आणि ते बिल येण्याच्या शक्यतेशी.

बिलं सगळी पॅनेलची नसतात. पॉवर सप्लायचं काम दीड-दोन हजारांत होतं, मुख्य बोर्ड चार-पाच हजारांना पडतो, पॅनेल पंधरा-सोळा हजारांना. सगळे बिघाड एकत्र धरून सरासरी बिल सात हजार मानू, आणि हे मी मास्तरांच्या बाजूने झुकून मानतोय. २,२०० ला ७,००० ने भागलं की साधारण ३१ टक्के येतात. म्हणजे त्या दोन वर्षांत शंभरातले एकतीस टीव्ही बिघडत असतील तर प्लॅन बरोबरीत सुटतो. प्रत्येक दावा मंजूर होत नाही. पाचातला एक अटींवर अडकला असं धरलं की हाच आकडा ३९ होतो.

कुठलंही सर्वेक्षण नसताना हा आकडा घरबसल्या तपासता येतो. भावकीतले, पाहुण्यांचे, शेजारचे दहा टीव्ही आठवा. त्यातले किती टीव्ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात बिघडले? पहिल्या वर्षातले मोजायचे नाहीत, ते कंपनी करून देते. सहाव्या वर्षातलेही नाहीत, तेव्हा प्लॅन संपलेला असतो. दहातले तीन-चार आठवले तर मास्तर जिंकले. मी ज्यांना ज्यांना हे विचारलं त्यांना सगळ्यांना एखादा बिघडलेला टीव्ही लगेच आठवला, पण साल विचारलं की तो बहुधा पाचव्या-सहाव्या वर्षातला निघाला.

हे असं का होतं ते पिरनवाडीत समजावून सांगावं लागू नये. उद्यमबागेतल्या कारखान्यांत आयुष्य घालवलेली माणसं इथं घरोघर आहेत. नवीन मशीन बसवलं की पहिले काही महिने त्याची दुखणी निघतात: कुठं जोड सैल, कुठं सुटा भाग कच्चा. ती निस्तरली की मशीन बरीच वर्षं मुकाट चालतं, आणि मग झिजेमुळे पुन्हा कुरकुरायला लागतं. टीव्हीचं तसंच. कच्चं सोल्डरिंग किंवा सदोष बोर्ड बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत उघडा पडतो. कपॅसिटर सुकणं, एलईडी पट्ट्या मंदावणं हे उष्णतेने आणि वापराच्या तासांनी हळूहळू होतं. पहिल्या खड्ड्याला कंपनीची वॉरंटी आहे आणि शेवटच्या चढाला कोणीच नाही. वाढीव वॉरंटी विकली जाते ती मधल्या सपाट रस्त्यासाठी. आता विकणाऱ्याच्या जागी बसून बघा, ह्याच दोन वर्षांची हमी द्यायला तो इतका उत्सुक का असतो!

"पण पॅनेल गेलं तर?" हा मास्तरांचा हुकमी एक्का. त्याला टाळत नाही. फक्त पॅनेलचाच विचार केला तर २,२०० भागिले १६,००० म्हणजे जवळपास १४ टक्के. सातातला एक टीव्ही त्या दोन वर्षांत पॅनेलने गेला पाहिजे. पण "पॅनेल गेलं" असं सांगितलेला प्रत्येक टीव्ही पॅनेलने गेलेला नसतो. आवाज येतोय आणि पडदा काळा आहे, अशी तक्रार असेल तर खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि पडद्याला चिकटवून टॉर्च मारा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे. मागच्या उजेडाच्या एलईडी पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा भाग गेलाय. या पट्ट्यांतले दिवे बहुधा एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एक दिवा तुटला तरी सगळी माळ विझू शकते. बेळगावातला टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर पट्ट्या बदलून देतो, दोन-अडीच हजारांच्या आसपास. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मात्र पुष्कळदा आख्खा संच बदलायचं कोटेशन देतं, आणि गल्लीत जो आकडा फिरतो तो त्या कोटेशनचा. पडद्यावर उभ्या रेघा आल्या किंवा अर्धा भाग गेला तर दोष खरोखर पॅनेलच्या बाजूचा असण्याची शक्यता मोठी. लाल दिवा नुसताच लुकलुकतो आणि टीव्ही उठत नाही, तर आधी पॉवर सप्लाय किंवा मुख्य बोर्डवर संशय घ्यायचा.

जाता जाता सांगतो, नवा टीव्ही लावल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाइट पुष्कळदा शंभरच्या जवळपास असतो. तो साठावर आणला तर घरातल्या उजेडाला पुरतो आणि पट्ट्यांचं आयुष्य वाढतं. एवढी फुकट वॉरंटी कुणी विकत नाही.

प्लॅन असेल तर मात्र हा कारागीर तुम्हाला बंद होतो. मागचं झाकण बाहेरच्या माणसाने उघडलं की दावा बाद, ही अट अशा कागदांत नेहमीची. तक्रार टाकायची, माणूस येईपर्यंत थांबायचं, मग सुटा भाग येईपर्यंत थांबायचं. आणि दुरुस्ती परवडत नाही असं ठरलं तर काय मिळतं तेही आधी वाचून ठेवावं. वर्षाप्रमाणे घसारा कापून उरलेल्या रकमेचं व्हाउचर, तेही त्याच ठिकाणी खर्च करायला, अशी व्यवस्था असू शकते. सव्वीस हजारांचं संरक्षण म्हणून घेतलेला कागद तिसऱ्या वर्षी किती हजारांचा उरतो, हे खरेदीच्या बटणाशेजारी लिहिलेलं नसतं. ते अटींच्या कागदात आत कुठेतरी असतं.

आता "सीमाभागात येतोय कोण" या मुद्द्याकडे. हा मला सगळ्यात गमतीचा वाटतो, कारण तो मास्तरांच्याच विरुद्ध जातो. कोणी येत नसेल तर "घरी येऊन दुरुस्ती" असं लिहिलेला कागद विकत घेण्यात काय शहाणपण? प्लॅन घेतल्याने तंत्रज्ञ जन्माला येत नाही. बहुतेक प्लॅनवाले स्वतःची माणसं ठेवत नाहीत. त्या त्या भागातल्या सर्व्हिस सेंटरला काम देतात, म्हणजे कंपनीच्या वॉरंटीत जो माणूस आला असता बहुधा तोच येतो. त्यातही पिरनवाडी म्हणजे काही आडरान नव्हे. खानापूर रस्त्याला लागून आहोत, जांबोटी-चोर्ल्याचा रस्ता इथूनच फुटतो, बेळगाव हाकेवर. जांबोटीच्या पलीकडच्या वाडीवर राहणाऱ्याने हा मुद्दा काढला तर मी ऐकून घेईन, पण त्यालाही उत्तर हेच आहे. निपाणीचा प्रश्न जरा वेगळा. तिथून कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब, पण पिनकोड कर्नाटकातला. तक्रार कुठल्या केंद्राकडे जाणार हे पैसे भरण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनवर पिनकोड सांगून विचारता येतं. त्या एका फोनचं उत्तर प्लॅनच्या जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातं.

सीमाभागातली, निदान आमच्याकडची, खरी अडचण निराळीच आहे आणि तिच्याबद्दल मास्तर बोलत नाहीत. पोरगं पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीला. टीव्ही त्याच्या खात्यावरून, त्याच्या मोबाइल नंबरावर, फक्त पत्ता घरचा. दोन वर्षांनी बिघडला की ओटीपी जातो पुण्याला, बिल पोराच्या मेलमध्ये, आणि प्लॅनचा कागद वेगळ्याच कंपनीच्या नावाचा, जो कुणी उघडूनही पाहिलेला नाही. वस्तूचं बिल आणि प्लॅनचं बिल ही दोन कागदपत्रं असतात. दोन्ही छापून, सिरियल नंबर लिहून, घरच्या फाइलीत ठेवलेली नसतील तर कागद असूनही दावा रखडतो. मी वर पाचातला एक दावा अडकतो असं धरलं, ते अशा घरांना कदाचित कमीच आहे.

आणि विजेचं काय? आमच्याकडे टीव्हीचा खरा वैरी एप्रिल-मेमधला वळीव. ढग गडगडायला लागले की हेस्कॉमची लाइन जाते-येते, येताना कधी झटका घेऊन येते. गल्लीत एका दुपारी तीन-चार घरांचे सेट एकदम गेल्याच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. मास्तर त्याच गोष्टी प्लॅनच्या बाजूने सांगतात. पण अटींत "काय बसत नाही" ही यादी काढून वाचा: वीज कोसळणं, दाबातला चढउतार, पाणी, कीटक ही नावं वाढीव वॉरंटीच्या त्या यादीत वारंवार दिसतात. काही प्लॅन चढउतार सामावून घेतात, म्हणून प्रत्येक कागद वेगळा वाचावा. पण तुमच्या कागदात हे वगळलेलं असेल, तर ज्या कारणाने इथले टीव्ही जातात नेमक्या त्याच कारणाला तुम्ही दोन हजार भरूनही उघडे राहता.

तेच पैसे मग कुठं घालायचे? आधी अर्थिंगवर. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकाला मागे तारच नसते. स्पाइक गार्डमधला भाग जादा दाबाला बाजूची वाट काढून देतो, आणि त्या वाटेतला मोठा आधार म्हणजे अर्थिंग. ते नसेल तर गार्डचं निम्मं काम बसतं. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं, चांगला गार्ड लावायचा, आणि ढग आले की टीव्हीचा प्लग काढायचा. डिशची किंवा केबलची वायरसुद्धा काढायची, कारण झटका त्या वाटेनेही आत येतो. थेट वीज पडली तर गार्डही काही करू शकत नाही. काढलेला प्लग करतो.

"ऑनलाइनवाल्याला कुठं शोधणार" याचं उत्तर कायद्यात आहे, आणि मास्तरांना ते माहीत नसावं याचं मला नवल वाटतं. पहिल्या वर्षाची वॉरंटी उत्पादक कंपनी देते. वस्तू दुकानातून आली की कुरिअरने, त्याने बहुधा फरक पडत नाही. बिलावर विक्रेत्याचं नाव नीट आहे ना आणि वॉरंटी भारतातली आहे ना, एवढं बघायचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता गुरुग्रामचा असला तरी पिरनवाडीकराने बेळगावात तक्रार मांडायची. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. त्याआधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. दुकानदाराच्या छातीवर बसण्याची मास्तरांची भाषा जोरकस आहे, पण छातीवर बसून पॅनेल बदलून मिळालेला माणूस मला अजून भेटायचाय.

मास्तरांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. सरासरीचा हिशेब सगळ्यांना सारखा लागू होत नाही. ज्याच्याकडे अचानक सोळा हजार काढायची ताकदच नाही, त्याने सरासरीपेक्षा जास्त पैसे मोजून निर्धास्त होणं हा मूर्खपणा नव्हे. विमा त्यासाठीच असतो. पण मग धोका केवढा तेही बघा. टीव्ही गेला तर जास्तीत जास्त एक टीव्ही गेला, आणि तिसऱ्या वर्षी तो सव्वीस हजारांचा राहिलेला नसतो. असा माणूस बऱ्याचदा हप्त्यावर घेतो, आणि प्लॅनही त्याच हप्त्यात मिसळून व्याजासकट फेडतो. प्लॅनच्या २,२०० मध्ये १८ टक्के जीएसटीचे ३३५ रुपये सरकारकडे जातात, ते टीव्ही दुरुस्त करायला कधीच वापरले जाणार नाहीत. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर अशा खरेद्यांना नाकारलेल्या प्लॅनचे पैसे पोस्टात वेगळे टाकले, तर चार-पाच वस्तूंत बहुतेक दुरुस्त्या भागतील एवढी रक्कम जमते, आणि ती कुठल्याही वस्तूला लागू होते. फ्रिजवर दहा वर्षांची वॉरंटी लिहिलेली असेल तर ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते, इलेक्ट्रॉनिक बोर्डची नव्हे, एवढं लक्षात ठेवून.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. सगळे प्लॅन म्हणजे लूट, असं ते म्हणतात. त्यांच्याशीही माझं जमत नाही, कारण मोबाइल. १८,००० चा फोन, पडून पडदा फुटला तर ५,००० चं काम. एक वर्षाचा फुटण्या-भिजण्याचा प्लॅन १,२०० चा, आणि दाव्याच्या वेळी ५०० आपल्या खिशातले. १,२०० भागिले ४,५००, म्हणजे चारातल्या एका फोनचा पडदा वर्षात फुटत असेल तर पैसे वसूल. सगळ्या गावाचा विचार केला तर हे जास्तच वाटतं. पण फोन कुणाच्या हातात जाणार हे तुम्हाला ठाऊक असतं. दुचाकीवरून रोज बेळगावला कॉलेजला जाणारा, गेल्या दोन वर्षांत दोन पडदे फोडलेला मुलगा, आणि कव्हरात घालून फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवणारी आजी, दोघांना प्लॅन एकाच किमतीत मिळतो. मुलाला घ्या, आजीला नको. इथं विकणाऱ्यापेक्षा विकत घेणाऱ्याला जास्त माहिती आहे. टीव्हीत उलट असतं: कुठल्या मॉडेलचा कुठला बोर्ड किती टिकतो हे आकडे कंपन्यांकडे असतात, तुमच्याकडे गल्लीतल्या गोष्टी असतात.

ही असमान बाजी ब्रिटनमध्ये सरकारी पातळीवर तपासली गेली होती. तिथल्या स्पर्धा आयोगाने घरगुती विद्युत वस्तूंच्या वाढीव वॉरंटीची चौकशी करून २००३ मध्ये अहवाल दिला, आणि २००५ च्या आदेशाने नियम आले. किंमत वस्तूशेजारी दाखवायची, दिलेला भाव ३० दिवस खुला ठेवायचा, आणि घेतल्यावर ४५ दिवसांत रद्द केल्यास पैसे परत द्यायचे. नियमांचा रोख किमतीइतकाच वेळेवर होता. ग्राहक पैसे भरायच्या घाईत असतो, तेव्हा त्याला प्लॅन पारखायला उसंत नसते.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवले. न विचारता टोपलीत वस्तू घालणं त्यात आहे, आणि नकार देणाऱ्याला लाजवणंही. विमान तिकिटाबरोबर विमा नको म्हणणाऱ्याला "मी असुरक्षितच राहीन" अशा अर्थाच्या बटणावर टिचकी मारायला लावणं, हे उदाहरण त्या तत्त्वांतच दिलेलं आहे. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच टिक केलेल्या चौकटीतून संमती गृहीत धरायला मनाई केली होती. तरीही पैसे भरण्याआधी बेरीज पुन्हा बघावी, आणि प्लॅनची ओळ दिसली तर काढून टाकावी. काढल्याने संधी हुकतेच असं नाही. बऱ्याच कंपन्या पहिल्या वर्षाची वॉरंटी चालू असताना कधीही स्वतःची वाढीव वॉरंटी विकतात. वर्षभरात टीव्ही एक-दोनदा दुरुस्तीला गेला, तर अकराव्या महिन्यात घ्या. तेव्हा तुमच्या टीव्हीचं तुम्हाला काहीतरी माहीत असेल.

मास्तरांनी स्वतः घेतलाय प्लॅन, तीन वर्षांचा. परवा मी त्यांना अटींतली "काय बसत नाही" ही यादी मोठ्याने वाचून दाखवायची विनंती केली. चष्मा सापडत नाही म्हणाले.